पाच षटकं, पाच धावा

धावफलकावर फलंदाज वर आणि गोलंदाज खाली, ही उतरंड शंभर वर्षांहून जुनी आहे. वाचणारा आधी शतक कुणाचं झालं ते बघतो, मग शून्यावर कोण गेला ते बघतो आणि गोलंदाजांपर्यंत पोचला तर शेवटच्या रकान्यातले बळी मोजून पान उलटतो. खरं तर गोलंदाजाच्या ओळीत चार आकडे असतात: किती षटकं टाकली, त्यातली निर्धाव किती, धावा किती दिल्या आणि बळी किती. आता पडद्यावरच्या धावफलकात पाचवा रकानाही असतो, इकॉनॉमीचा, म्हणजे दर षटकामागे दिलेल्या धावांचा. बळींचा आकडा डोळ्यांत भरतो, पण गोलंदाजाने दिवसभर नेमकं काय केलं हे कळायचं असेल तर मधल्या दोन आकड्यांशी थोडा वेळ बसावं लागतं.

एक ओळ घेऊ. ३२-२७-५-०.

सामना कुठला, गोलंदाज कोण, हे काही ठाऊक नाही असं समजू. बत्तीस षटकं, त्यातली सत्तावीस निर्धाव. म्हणजे धावा निघाल्या त्या उरलेल्या पाच षटकांत. एकूण धावाही पाचच. जे षटक निर्धाव नाही त्यात गोलंदाजाच्या नावावर किमान एक धाव लागलेली असणारच. तेव्हा पाच षटकांत पाच धावा याचा अर्थ एकच निघतो: त्या प्रत्येक षटकात बरोबर एक धाव निघाली. चौकार नाही, दुहेरी धाव नाही, एका षटकात दोनदा एकेरी धाव काढणंही कुणाला जमलेलं नाही. सामन्याचं एक अक्षर न वाचता, नुसत्या चार आकड्यांवरून एवढं खात्रीने सांगता येतं.

ही ओळ बापू नाडकर्णींची. मूळचे नाशिकचे, आधी महाराष्ट्राकडून आणि पुढे मुंबईकडून खेळलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. सामना १९६४च्या जानेवारीतला, मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवरचा, इंग्लंडविरुद्धचा पहिला कसोटी सामना.

त्या दुपारकडे वळण्याआधी हे आकडे भरले कसे जातात ते बघायला हवं, कारण निर्धाव षटकाबद्दल पुष्कळांची समजूत अर्धवट असते. सामन्याला दोन स्कोअरर असतात. पंचाची खूण दिसली की हात वर करून किंवा दिवा लावून ते पोच देतात आणि वहीत नोंद करतात. गोलंदाजाच्या नावापुढे प्रत्येक षटकासाठी एक छोटा चौकोन असतो. धाव न गेलेल्या चेंडूसाठी त्यात एक ठिपका पडतो. सहाही चेंडू तसेच गेले की चौकोनात तीन वर, तीन खाली असे सहा ठिपके होतात आणि स्कोअरर ते रेघेने जोडून इंग्रजी एम हे अक्षर काढतो. षटकात बळीही मिळाला असेल तर तेच ठिपके जोडून डब्ल्यू होतो. जुन्या वहीचं पान उघडलं की चांगल्या गोलंदाजाची रांग या एमांनी भरलेली दिसते आणि त्याची दुपार कशी गेली असेल ते आकडे न वाचताच कळतं.

आता गंमत अशी की निर्धाव षटकात संघाच्या धावा वाढू शकतात. समजा, पहिला चेंडू फलंदाजाने नुसता अडवला. दुसरा पॅडला लागून बाजूला गेला आणि फलंदाजांनी लेगबायची एक धाव पळून काढली. तिसरा पुन्हा अडवला. चौथा बॅट आणि यष्टिरक्षक दोघांनाही चुकवून सीमेपार गेला, बायच्या चार धावा. शेवटचे दोन कोरे. फलकावर पाच धावा चढल्या, प्रेक्षकांनी टाळ्याही वाजवल्या, पण वहीत षटक निर्धावच लागणार. बाय आणि लेगबाय या अवांतर धावा गोलंदाजाच्या माथी मारल्या जात नाहीत. याच्या नेमकं उलटंही घडतं. पाच चेंडू अप्रतिम पडले, फलंदाजाला एकालाही बॅट लावता आली नाही, आणि सहावा लेगच्या बाहेरून गेला, वाइड. पुन्हा टाकलेला चेंडूही कोरा गेला. फलंदाजाने षटकात एकही धाव काढलेली नाही, तरी ते निर्धाव नाही, कारण वाइड आणि नो बॉलचा दंड आता गोलंदाजाच्या खात्यात जातो.

‘आता’ म्हणण्याला कारण आहे. ही पद्धत १९८०च्या दशकात आली. त्याआधी वाइड आणि नो बॉल नुसतेच अवांतर धावांत मांडले जात आणि षटक निर्धाव राहू शकत असे. शिवाय षटक सगळीकडे, सगळ्या काळात सहा चेंडूंचं नव्हतं. इंग्लंडमध्ये १८८८पर्यंत ते चार चेंडूंचं होतं, तर ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंचं. चार चेंडू कोरे टाकणं आणि आठ चेंडू कोरे टाकणं यात केवढा फरक! तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोलंदाजाची निर्धाव षटकं आजच्या गोलंदाजापुढे मांडून कुणी हुज्जत घालू लागला, तर आधी षटक किती चेंडूंचं होतं ते विचारावं.

इकॉनॉमीचं गणित त्यापेक्षा सोपं. दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं. फक्त एक खाच आहे आणि भलेभले तिथे ठेचकाळतात. गोलंदाजाने ३.५ षटकं टाकली असं लिहिलेलं असतं तेव्हा तो दशांश चिन्हासारखा दिसणारा टिंब दशांश नसतो. तीन षटकं आणि पाच चेंडू, म्हणजे एकूण २३ चेंडू. त्याने ३५ धावा दिल्या असतील तर ३५ला साडेतीनने भागून दहा उत्तर काढणारा दोनदा चुकला. साडेतीन षटकं २१ चेंडूंची, आणि गोलंदाजाने तर २३ टाकलेत. खरा हिशेब ३५ गुणिले ६ भागिले २३, म्हणजे ९.१३. वीस षटकांच्या सामन्यात दहाची इकॉनॉमी आणि नऊची इकॉनॉमी यात गोलंदाजाची अब्रू जाते किंवा राहते.

इकॉनॉमी ही सरासरी असल्याने ती सगळं सपाट करून टाकते. षटकाला तीनच्या दराने दहा षटकं टाकणारा गोलंदाज प्रत्येक षटकात तीनच धावा देत असेल, किंवा पाच षटकं कोरी टाकून उरलेल्या पाचांत सहा-सहा देत असेल. रकान्यात दोन्हीकडे ३.०० एवढंच दिसतं. इथे निर्धाव षटकांचा आकडा कामी येतो. एकूण षटकांतून निर्धाव षटकं वजा करायची आणि धावांना त्या बाकीने भागायचं. या छोट्या वजाबाकीने त्या सपाट आकड्यातले उंचवटे दिसू लागतात.

अनिल कुंबळेंची दिल्लीतली ओळ बघा. १९९९च्या फेब्रुवारीत फिरोजशाह कोटलावर पाकिस्तानच्या दुसऱ्या डावातले दहाच्या दहा बळी त्यांनी घेतले. २६.३-९-७४-१०. इकॉनॉमी निघते २.७९. बळींच्या त्या दहाच्या आकड्यापुढे बाकी काही दिसतच नाही, पण वजाबाकी केली तर नऊ निर्धाव षटकं सोडून साडेसतरा षटकांत ७४ धावा गेल्या, म्हणजे षटकाला चारच्या वर. कसोटीच्या मानाने ही काही चिकट गोलंदाजी नव्हे. सईद अन्वर आणि शाहिद आफ्रिदीने १०१ धावांची सलामी दिली होती, तेव्हा काही षटकांत मार पडणं साहजिक होतं. कुंबळेंनी त्या दिवशी फलंदाजांना अडवलं कमी आणि बाद जास्त केलं. पाकिस्तानचा डाव २०७ धावांत संपला आणि धावांची चिंता करण्याची वेळच आली नाही.

नाडकर्णींच्या ओळीत ही बाकी बरोबर एक येते. त्यांना मारही पडला नाही आणि बळीही मिळाला नाही.

मद्रासच्या त्या सामन्यात भारताने पहिला डाव ७ बाद ४५७ धावांवर घोषित केला होता. बुधी कुंदरनने १९२, विजय मांजरेकरांनी १०८. एवढा डोंगर समोर असल्यावर इंग्लंडपुढे पहिलं काम होतं ते टिकून राहण्याचं. सलामीचा ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन तेच करत राहिले. बोलसने ८८ केल्या, बॅरिंग्टनने ८०. बॅरिंग्टन म्हणजे त्या काळातला खेळपट्टीला चिकटून बसणारा नामांकित फलंदाज. समोरून नाडकर्णी. डाव्या हाताने, फारशी उंची न देता, टप्प्यावर टप्पा. सरावाला ते टप्प्याच्या जागी नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकत, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते.

त्यांच्या बत्तीस षटकांची चार स्पेलमधली विभागणी उपलब्ध आहे. पहिला स्पेल तीन षटकांचा, तिन्ही निर्धाव. दुसरा सात षटकांचा, त्यात पाच निर्धाव आणि दोन धावा. तिसरा तब्बल एकोणीस षटकांचा, अठरा निर्धाव आणि एक धाव. शेवटचा तीन षटकांचा, एक निर्धाव आणि दोन धावा. प्रत्येक स्पेलमध्ये ती वजाबाकी करून बघा. दोन षटकांत दोन, एका षटकात एक, पुन्हा दोन षटकांत दोन. नियम कुठेही मोडत नाही.

याच ओघात लागोपाठ एकवीस निर्धाव षटकं झाली. एकवीस सख १२६ चेंडू. पण विक्रमाच्या पुस्तकात आकडा १३१चा आहे. हे वरचे पाच चेंडू आले कुठून? ज्या षटकात आधीची एकेरी धाव निघाली त्याचे धावेनंतरचे चेंडू आणि ज्या षटकात पुढची धाव निघाली त्याचे धावेआधीचे चेंडू, असे दोन्ही टोकांचे मिळून पाच. निर्धाव षटकांचा रकाना हे टोकाचे चेंडू मोजतच नाही. त्याच्या लेखी षटक एक तर पूर्ण कोरं, नाही तर काहीच नाही. पाच अचूक चेंडूंनंतर सहाव्यावर कुणी एक धाव ढकलली की ते षटक आणि चार चौकार खाल्लेलं षटक या रकान्यापुरती सारखीच. म्हणून अलीकडे विश्लेषक निर्धाव षटकांपेक्षा कोरे चेंडू, म्हणजे डॉट बॉल मोजणं पसंत करतात. त्या मोजणीत दक्षिण आफ्रिकेचा ह्यू टेफील्ड नाडकर्णींच्याही पुढे आहे. १९५७ साली डर्बनला इंग्लंडविरुद्ध त्याने लागोपाठ १३७ चेंडूंवर धाव दिली नव्हती, आणि तिथलं षटक तेव्हा आठ चेंडूंचं होतं.

ही एकवीस षटकं नाडकर्णींनी ११४ मिनिटांत टाकल्याची नोंद आहे. एका टोकाकडून एकवीस म्हणजे दोन्ही टोकांकडून मिळून बेचाळीसच्या आसपास. दोन तासांहूनही कमी वेळात बेचाळीस षटकं! आज कसोटीत तासाला पंधरा षटकंही पुरी होत नाहीत म्हणून कर्णधारांना दंड भरावा लागतो. तेव्हा नाडकर्णींच्या आकड्यांत त्यांच्या अचूकपणाइतकाच त्या काळच्या खेळाचाही हात आहे. फिरकी गोलंदाजाची चार पावलांची धाव, अडवणारा फलंदाज, चेंडू परत, की पुढचा.

मग ३२-२७-५-० ही थोर गोलंदाजी की थोर कंटाळा? प्रश्न वाटतो तेवढा उद्धट नाही. सामना अनिर्णित राहिला. त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. १९६०-६१च्या मोसमात पाकिस्तानविरुद्ध कानपूरला नाडकर्णींनी ३२-२४-२३-० आणि दिल्लीला ३४-२४-२४-१ अशी गोलंदाजी केली होती, आणि त्याही मालिकेतले पाचही सामने अनिर्णित. फलंदाजाला धावा नको असतील तर त्याला धावा न देणं हे काही त्याचं नुकसान नाही. इकॉनॉमीचा रकाना हे सांगत नाही की फलंदाज धावा काढायला धडपडत होता की झोपेत होता.

पण दुसरी बाजूही धावफलकावरच आहे, फक्त वेगळ्या ओळीत. त्याच डावात चंदू बोर्डेंनी ८८ धावांत पाच बळी घेतले. एका टोकाकडून काहीच निघत नाही म्हटल्यावर फलंदाजाची सगळी आशा दुसऱ्या टोकाकडे लागते. तिथे तो एखादा फटका जास्त खेळतो आणि कधी तरी फसतो. बोर्डेंच्या पाच बळींत नाडकर्णींचा वाटा किती, हे कुणालाच मोजून सांगता येणार नाही. मात्र कर्णधार पतौडींनी त्यांच्या हाती एवढा वेळ चेंडू का ठेवला असेल ते समजतं. एक टोक बंद राहिलं की दुसऱ्या टोकाला लेगस्पिनरला उंची देऊन, धावांची लाच देऊन गोलंदाजी करता येते. जोडीतल्या एकाची ओळ एकटी वाचली की ही भागीदारी निसटते.

नाडकर्णी नुसतेच टोक अडवून धरणारे होते, असंही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ३१ धावांत पाच आणि ९१ धावांत सहा असे सामन्यात अकरा बळी घेतले. दैवाची थट्टा म्हणजे बळी न मिळालेला जानेवारीतला सामना भारताने वाचवला आणि अकरा बळींचा हा सामना १३९ धावांनी गमावला.

त्यांच्या पूर्ण कारकिर्दीवर नजर टाकली की इकॉनॉमी कुठे कमी पडते ते नीट दिसतं. ४१ कसोटी, ८८ बळी, इकॉनॉमी १.६७. इतकी वर्षं खेळलेल्या गोलंदाजांत हा आकडा जवळपास तळाचा आहे, आणि इथे तळ म्हणजेच शिखर. पण एका बळीसाठी त्यांना सरासरी १०४ चेंडू लागले. या मोजमापाला गोलंदाजाचा स्ट्राइक रेट म्हणतात. दक्षिण आफ्रिकेचा डेल स्टेन त्यांच्या अगदी उलट. त्याची इकॉनॉमी ३.२४, नाडकर्णींच्या जवळजवळ दुप्पट. पण तो दर ४२ चेंडूंमागे एक बळी घ्यायचा. आता एका बळीसाठी धावा किती मोजाव्या लागल्या, म्हणजे गोलंदाजाची सरासरी, ती या दोन आकड्यांच्या गुणाकारातून येते: दर चेंडूमागे किती धावा, गुणिले दर बळीमागे किती चेंडू. नाडकर्णींचं उत्तर २९ येतं, स्टेनचं २३. दुप्पट उधळेपणा करूनही प्रत्येक बळी स्टेनला सहा धावांनी स्वस्त पडला. कसोटीत वेळेची टंचाई सहसा नसते आणि जिंकायला वीस बळी लागतातच, म्हणून तिथे इकॉनॉमी हा गुणाकाराचा एक भाग आहे, पूर्ण उत्तर नाही.

मर्यादित षटकांचा खेळ आला आणि हे पारडं फिरलं. तिथे चेंडू मोजके. कोरा गेलेला प्रत्येक चेंडू फलंदाजीच्या संघाच्या खिशातून कायमचा जातो, बळी मिळो न मिळो. १९७५च्या पहिल्या विश्वचषकात लीड्सला पूर्व आफ्रिकेविरुद्ध बिशनसिंग बेदींची ओळ होती १२-८-६-१. साठ षटकांचा सामना, म्हणून प्रत्येक गोलंदाजाला बारा षटकं. पूर्व आफ्रिका १२० धावांत आटोपली आणि भारत दहा गडी राखून जिंकला. १९९२च्या डिसेंबरमध्ये सिडनीला वेस्ट इंडिजच्या फिल सिमन्सने पाकिस्तानविरुद्ध १०-८-३-४ अशी गोलंदाजी केली. इथेही वजाबाकी करून बघण्यासारखी आहे: दोन षटकांत तीन धावा, म्हणजे एका षटकात एक आणि एकात दोन, दुसरी शक्यताच नाही. एकदिवसीय सामन्यात दहा षटकांचा पूर्ण वाटा टाकून इतक्या कमी धावा कुणी दिलेल्या नाहीत. सिमन्स मुळात सलामीचा फलंदाज, गोलंदाजी मध्यमगती, अडीनडीला. पाकिस्तानचा सगळा डाव ८१ धावांत कोसळला तो दिवस गोलंदाजांचा होता आणि त्यात सिमन्सचा हात सर्वांत चांगला चालला. एका सामन्यातल्या इकॉनॉमीवरून गोलंदाजाची जात ठरवू नये ती यासाठी. तीसेक सामन्यांनंतरही जो आकडा हलत नाही, तो त्याचा खरा.

प्रतिस्पर्धी कोण, हा तर त्याहून मोठा प्रश्न. २०२४च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात त्रिनिदादला न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने पापुआ न्यू गिनीविरुद्ध ४-४-०-३ अशी गोलंदाजी केली. चोवीस चेंडू, एकही धाव नाही, इकॉनॉमी शून्य. याहून चांगलं गणितात शक्यच नाही. पण पापुआ न्यू गिनीचा सगळा डावच ७८ धावांचा, षटकाला चारहून कमी. म्हणून इकॉनॉमी कधीही एकटी वाचायची नसते. शेजारी त्या सामन्याचा दर ठेवायचा.

ही शेजारी ठेवण्याची पद्धत त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यावर वापरून बघू. २९ जून २०२४, बार्बाडोस. भारत ७ बाद १७६, दक्षिण आफ्रिका ८ बाद १६९. चाळीस षटकांत ३४५ धावा, म्हणजे सामन्याचा दर साडेआठच्या थोडा वर. जसप्रीत बुमराची ओळ ४-०-१८-२. इकॉनॉमी साडेचार, सामन्याच्या दराच्या जेमतेम निम्मी. निर्धाव षटक एकही नाही, आणि त्याची कुणालाच खंत नाही. वीस षटकांच्या खेळात सहा चेंडू फलंदाजाला पूर्ण बांधून ठेवणं इतकं दुर्मीळ झालंय की तिथे हा रकाना बहुतेक वेळा शून्यांनीच भरलेला असतो. नाडकर्णींच्या ओळीवर चालली ती वजाबाकी इथे काही सांगत नाही, त्यामुळे षटकवार नोंदीतच शिरावं लागतं.

अक्षर पटेलची ओळ होती ४-०-४९-१. इकॉनॉमी सव्वाबाराच्या जवळ. नुसती ओळ वाचणारा म्हणेल, याला चौफेर धुतला. षटकवार बघितलं तर पंधराव्या षटकात हाइनरिक क्लासेनने त्याच्याविरुद्ध धडाका लावला आणि त्या एका षटकात, वाइडसकट, २४ धावा गेल्या. उरलेल्या तीन षटकांत २५, म्हणजे सव्वाआठच्या आसपास, सामन्याच्या दरापेक्षा किंचित कमीच. पण त्या एका षटकाने समीकरण ३० चेंडूंत ३० धावांवर आणलं होतं आणि दक्षिण आफ्रिकेचे सहा गडी शिल्लक होते.

बुमराच्या चार षटकांपैकी दोन याच्यानंतरची. सोळाव्यात त्याने चार धावा दिल्या, अठराव्यात दोन आणि मार्को यान्सनचा त्रिफळा. मधल्या सतराव्या षटकात हार्दिक पंड्याने क्लासेनला यष्टिरक्षकाकडे झेल द्यायला लावून चारच धावा दिल्या, एकोणिसाव्यात अर्शदीपसिंगनेही चार. तीसला तीस असलेला हिशेब असा पायरीपायरीने सरकला: २४ चेंडूंत २६, १८ चेंडूंत २२, १२ चेंडूंत २०, सहा चेंडूंत १६. डावाच्या सुरुवातीला, चेंडू नवा असताना बुमराने दोन षटकांत १२ धावा दिल्या होत्या आणि शेवटी, सहसा दहा-बारा धावा सहज निघतात त्या टप्प्यात, दोन षटकांत सहा. साडेचारची इकॉनॉमी या दोन्ही जोड्यांची मिळून झालेली. सामना फिरवला तो दुसऱ्या जोडीने, आणि धावफलकावर तिच्यासाठी वेगळा रकाना नाही.

पूर्ण स्पर्धेत बुमराने आठ सामन्यांत पंधरा बळी घेतले, इकॉनॉमी ४.१७. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली तेव्हा त्याच्या नावावर आठ सामन्यांत मिळून फलंदाजीतली एकही धाव नव्हती.